चेतनसाठी फिजिक्सचं टाइमटेबल (तारखा नंतर टाकू)

चेतन, तू टाकलेली पीडीएफ उघडली रे, बारावी फिजिक्सचा पूर्ण सिलॅबस आहे, 16 चॅप्टर. पण पेपर कधी ते तू लिहिलं नाही, रेग्युलर देतोय का जून-जुलैतली पुरवणी तेही नाही, आणि दिवसात तुला मोकळा वेळ किती ते तर अजिबातच नाही. म्हणून मी वार आणि तारखा टाकल्याच नाहीत, अंदाजाने टाकल्या असत्या तर पहिल्याच आठवड्यात कोलमडलं असतं आणि तू सोडून दिलं असतं. त्याऐवजी बैठका मोजल्यात. एक बैठक म्हणजे एक तास, मोबाईल दुसऱ्या खोलीत. एकूण 60 बैठका. रोज एक जमली तर दोन महिने, रोज दोन जमल्या तर एकच महिना.

क्रम पुस्तकातला नाहीये, मुद्दाम बदललाय. ज्या चॅप्टरचा आधार पुढच्याला लागतो ते आधी घेतलेत.

पहिला टप्पा
1 ते 4: रोटेशनल डायनॅमिक्स
5 ते 8: ऑसिलेशन्स
9 ते 12: सुपरपोझिशन ऑफ वेव्हज
13 ते 16: वेव्ह ऑप्टिक्स
17: फक्त उजळणी, पुस्तक बंद करून डेरिव्हेशन लिहायची

दुसरा टप्पा
18 ते 21: इलेक्ट्रोस्टॅटिक्स
22 ते 24: करंट इलेक्ट्रिसिटी
25 ते 27: करंटमुळे होणारं मॅग्नेटिक फील्ड
28, 29: मॅग्नेटिक मटेरियल्स
30 ते 32: इंडक्शन
33 ते 35: एसी सर्किट्स
36: उजळणी

तिसरा टप्पा
37, 38: ड्युअल नेचर
39 ते 41: अ‍ॅटम्स आणि न्यूक्लिआय
42, 43: सेमीकंडक्टर
44 ते 46: कायनेटिक थिअरी आणि रेडिएशन
47 ते 50: थर्मोडायनॅमिक्स
51 ते 53: फ्लुइड्स
54: उजळणी
55 ते 57 एक पूर्ण पेपर, 58 ते 60 दुसरा. पेपर 3 तासांचा असतो म्हणून तीन बैठका सलगच धर, तुकडे करायचे नाहीत.

बैठकीत नेमकं काय करायचं ते पहिल्या चॅप्टरवरून सांगते. पहिल्या तासात बँकिंगचा रस्ता, कोनिकल पेंड्युलम आणि व्हर्टिकल सर्कल, आकृतीत फोर्स काढल्याशिवाय फॉर्म्युला लिहायचाच नाही. दुसऱ्यात मोमेंट ऑफ इनर्शिया, रेडियस ऑफ गायरेशन आणि पॅरलल, पर्पेंडिक्युलर अ‍ॅक्सिसची दोन्ही थिअरम. तिसऱ्यात टॉर्क, अँग्युलर मोमेंटम आणि रोलिंग. चौथा तास सगळा चॅप्टरच्या शेवटच्या गणितांना, आणि जे सुटणार नाही त्याला पेन्सिलने गोल करून ठेव, तेच मला फोटो काढून पाठव. बाकी चॅप्टरमध्येही शेवटची बैठक अशीच गणितांची समज.

वेळ कमी पडला तर काय सोडायचं हे आताच ठरवून ठेवू, ऐन वेळी घाबरून ठरवलं की चुकीचंच सुटतं. थिअरी पेपर 70 मार्कांचा, त्यात एमसीक्यू 10 आणि एका मार्काचे 8 प्रश्न सगळे सोडवावे लागतात, पण दोन मार्कांचे 12 पैकी 8, तीन मार्कांचे 12 पैकी 8 आणि चार मार्कांचे 5 पैकी 3 असतात. म्हणजे अख्खा चॅप्टर कोरा सोडायचा नाही, कारण छोटे प्रश्न कुठूनही येतात. वेळ कमी असेल तर मॅग्नेटिक मटेरियल्स आणि फ्लुइड्समध्ये व्याख्या, युनिट आणि फॉर्म्युले एवढंच कर, लांब डेरिव्हेशन सोड. पहिला टप्पा मात्र कापू नको भो, ऑसिलेशन्स पक्कं नसलं तर सुपरपोझिशनमध्ये फेज डिफरन्स कळत नाही आणि तोच पुढे इंटरफिअरन्समध्ये लागतो.

कापूस वेचणीच्या दिवसांत किंवा चोपड्याहून एसटी उशिरा आली तर बैठक बुडणारच, त्याचं वाईट वाटून घेऊ नको. दुसऱ्या दिवशी डबल करायची नाही, बुडाली तिथूनच पुढे चाल, म्हणूनच बैठकांना तारीख नाही, नंबर आहे. सलग चार-पाच बुडाल्या तर मला सांग, आपण मिळून कुठे कापायचं ते बघू.

आता मला तीनच गोष्टी कळव. फेब्रुवारी-मार्चची परीक्षा का जून-जुलैची, आणि पक्की तारीख बोर्डाच्या टाइमटेबलवरूनच बघ, व्हॉट्सअ‍ॅपला फिरणाऱ्या फोटोवरून नाही. दुसरं, कॉलेज आणि शेतातून आल्यावर खरोखर किती तास उरतात, मावशीला विचारूनच लिही, तिला जास्त माहीत आहे. तिसरं, प्रॅक्टिकलचे 30 मार्क आहेत, तुझं जर्नल पूर्ण झालंय का. नसेल तर त्याच्यासाठी रविवार वेगळा काढू, या 60 मध्ये ते धरलेलं नाही. केमिस्ट्री आणि मॅथ्सच्या पीडीएफही पाठवून दे, तीनही विषय एकत्र मांडले तर बैठका आणखी बदलतील. तोपर्यंत थांबू नको, बैठक 1 आज रात्री जेवणानंतर घे.