नवीन आलेल्या सगळ्यांना नमस्कार, आणि प्लीज प्रश्न विचारा

नमस्कार मंडळी 🙏

रविवारच्या बियाणं अदलाबदलीनंतर आपल्या गच्चीबागेच्या ग्रुपवर 23 जण नवीन आलेत. कोथरूड, सिंहगड रोड, कात्रज, चिंचवड, एक ताई तर नागपूरच्या आहेत आणि एक दादा शारजाला असतात, बाल्कनीत कढीपत्ता जगवायची धडपड चाललीये त्यांची. सगळ्यांचं अगदी मनापासून स्वागत! बरं झालं आत्ता आलात, मृग तोंडावर आलाय, पहिला पाऊस पडून माती जरा गार झाली की वेलवर्गीय सगळं लावायला घेता येईल.

इथे कोण कोण आहे ते सांगते म्हणजे लाजायला होणार नाही. शेतकी कॉलेजातून रिटायर झालेले एक सर आहेत, बाकी सगळे आपल्यासारखेच, बँकेतले, घर सांभाळणाऱ्या, आयटीवाले, आणि सगळ्यात भारी टोमॅटो कोणाकडे येतात तर कात्रजला रिक्षा चालवणाऱ्या एका काकांकडे, तेही तेलाच्या रिकाम्या डब्यांत.

आता मुद्द्याचं. मी चार वर्षांपूर्वी ग्रुपवर आले तेव्हा दोन महिने एक अक्षर टाइप केलं नव्हतं. रंगाच्या 20 लिटरच्या बादलीत दुधी लावला होता, वेल गच्चीच्या कठड्यावरून पार टाकीपर्यंत गेला, फुलंच फुलं, पण बारके दुधी बोटाएवढे झाले की पिवळे पडायचे आणि गळायचे. मला वाटलं कीड आहे म्हणून नीमतेल मारलं, मग वाटलं खत कमी पडतंय म्हणून शेणखत घातलं, मग पाणी वाढवलं. रोज सकाळी वर जाऊन गळलेले दुधी वेचायचे आणि जाम वाईट वाटायचं, पण विचारायची लाज, की एवढं साधं कसं येत नाही हिला. शेवटी एकदा फोटो टाकला तर कोथरूडच्या एका काकूंचा पाच मिनिटांत रिप्लाय, "अगं परागीकरण होत नाहीये, आज संध्याकाळी सात वाजता टॉर्च घेऊन वर जा."

दुधीची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात आणि मी बघायचे सकाळी! ज्या फुलामागे इवलासा दुधी दिसतो ते मादी फूल, नराला नुसता लांब देठ. नर फूल तोडायचं, पाकळ्या मागे करायच्या आणि मधले परागकण मादी फुलाच्या मध्यावर हलकेच टेकवायचे, बस. त्या आठवड्यात तीन दुधी धरले, तोवर माझा अर्धा सीझन गेला होता. (लाल भोपळ्याचं उलटं, तो पहाटे उमलतो, त्याच्यासाठी सकाळी लवकर उठायचं. दोडका परत संध्याकाळचा.)

म्हणून सांगते, कुठलाही प्रश्न टाका, आधी शंभर वेळा विचारून झालेला असला तरी टाका. "वर स्क्रोल करून बघा" असं इथे कोणी कोणाला म्हणायचं नाही, हा नियम जुन्या मेंबर्ससाठी आहे आणि मी तो पाळून घेते. कंपोस्टमध्ये पांढरट जाड अळ्या झाल्यात, फेकू का, हे दर पावसाळ्यात कोणीतरी घाबरून विचारतंच आणि दर वेळी आम्ही तितक्याच आनंदाने सांगतो की बहुतेक वेळा त्या काळ्या सोल्जर माशीच्या असतात, चावत नाहीत, उलट ओला कचरा भराभर संपवतात, वास येत असेल तर मूठ मूठ वाळका पालापाचोळा वाढवा. टायपिंग जमत नसेल तर व्हॉइस नोट टाका, हिंदीत विचारलं तरी चालेल.

फक्त प्रश्नासोबत थोडी माहिती द्या, नाहीतर आम्ही अंधारात दगड मारत बसतो. अख्ख्या झाडाचा एक फोटो, पानाच्या मागच्या बाजूचा एक (मावा, पांढरी माशी सगळे तिथेच लपतात, पिठ्या ढेकूण पानाच्या बेचक्यात), कुंडी केवढी, ऊन किती तास, आणि शेवटचं पाणी कधी घातलं. पाण्याचं खरं खरं सांगा हं! निम्मी झाडं कुंडीत प्रेमाने बुडवून मारली जातात, बोट दोन पेरं मातीत घालून बघा, आत ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही. आणि गाव लिहा, कारण पुण्याचा सल्ला नागपूरच्या 45 डिग्रीत चालत नाही, तिथे मे महिन्यात हिरवी शेडनेट लागणारच आणि शारजाला तर काय बोलायलाच नको.

उत्तर देणाऱ्यांसाठी पण एक गोष्ट. स्वतः करून बघितलं असेल तर "मी केलंय" लिहा, नुसतं ऐकलं वाचलं असेल तर "ऐकलंय" लिहा. दोन्ही चालतं पण गल्लत नको, मागे एकाने कुठूनतरी आलेलं बघून मिरचीला मीठ घालायला सांगितलं आणि दुसऱ्याची चार रोपं गेली. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी प्रयोग परिवार उभा केला तो याच पायावर, आपण करून बघायचं आणि जे झालं ते दुसऱ्याला सांगायचं, आपल्यातले बरेच जुने लोक त्याच वाटेने गच्चीवर आलेत. फसलेलं पण सांगा, त्यातून जास्त शिकायला मिळतं.

बाकी नियम थोडेच. गुड मॉर्निंग, राजकारण, फॉरवर्ड नको. रोपं, खत विकायचं असेल तर फक्त शनिवारी. कोणाला परस्पर फोन करायच्या आधी विचारा. आणि गच्चीवर नवीन वाफे करणार असाल तर आधी सोसायटीशी बोला आणि स्लॅबचं वॉटरप्रूफिंग बघून घ्या, ओली माती प्रचंड जड होते, म्हणून आम्ही निम्म्याहून जास्त पालापाचोळा आणि उसाचं चिपाड भरतो आणि वाफा विटांवर उचलून ठेवतो म्हणजे खालून पाणी निघून जातं. खालच्या घरात ओल उतरली तर बागही जाते आणि शेजारपणही.

ओळख करून देताना नाव, एरिया, गच्ची का बाल्कनी, आणि सध्या घरात असलेलं एक तरी झाड एवढं लिहा. एकही झाड नसेल तर तेच लिहा, येत्या रविवारी सकाळी आठला आपण परत भेटतोय तेव्हा तुमच्यासाठी पुदिन्याच्या काड्या आणि गवती चहाचा एक फुटवा बाजूला काढून ठेवते. येताना रिकाम्या दुधाच्या पिशव्या घेऊन या, रोपं त्यातच देतो.

आणि हो, काल रात्री साडेअकराला नवीन आलेल्यांपैकी कोणीतरी मोगऱ्याचा फोटो टाकला आणि मिनिटभरात डिलीट केला. मी नीट बघेपर्यंत गेला, पानं पिवळी होती एवढंच दिसलं. तो परत टाका ना प्लीज, आणि टाकायच्या आधी एकदा बघून घ्या की पान पिवळं पडलंय पण शिरा हिरव्याच राहिल्यात का, आणि पिवळी पानं वरची कोवळी आहेत का खालची जुनी. कोवळी असतील आणि शिरा हिरव्या असतील तर बहुतेक लोह मिळत नाहीये, बोअरच्या जड पाण्यात असं होतं, माझ्याही मोगऱ्याला झालं होतं. मी आज दिवसभर आहे इथे.