सुहास, मॅनेजर झालास!

प्रिय सुहास,

आज दुपारी नोटीस बोर्डावर तुझं नाव लागलं तेव्हा मी लॅबमध्ये होतो. कोअर शॉपमधला पोरगा पळत आला, "सर, सुहास सर प्रॉडक्शन मॅनेजर झाले!" हातातला नमुना तसाच मायक्रोस्कोपखाली सोडून बाहेर आलो, तर तुझ्याभोवती ही गर्दी. नुसता हात मिळवता आला. भावा, तेवढ्यावर माझं भागत नाही. म्हणून जेवणं झाल्यावर निवांत लिहायला बसलोय.

अभिनंदन! लई म्हणजे लई आनंद झालाय.

एक गोष्ट आधीच लिहून टाकतो, म्हणजे तिचं ओझं तुझ्यावर राहायला नको. ह्या जागेसाठी मुलाखत मीही दिली होती, हे अख्ख्या प्लांटला माहीत आहे. चार जण तुझ्यापुढं माझा विषय काढणार. तू मनाला लावून घेणारा माणूस, मग माझ्यापुढं आनंद आवरून धरशील. तसं करू नकोस. कुणाला करायचं म्हणून मला विचारलं असतं, तर मीही तुझंच नाव सांगितलं असतं. का, तेच लिहायचं आहे.

2017 सालचं ते एसजी आयर्नचं रिजेक्शन आठवतंय? एकाच हीटमधले पहिले बॉक्स चोख आणि शेवटचे बाद. मायक्रोस्कोपखाली पहिल्या नमुन्यात ग्राफाइटचे गोळे कसे मोत्यासारखे, आणि शेवटच्यात सगळे वेडेवाकडे. आठवडाभर प्रत्येकजण दुसऱ्याकडं बोट दाखवत होता. मोल्डिंगवाले मेल्टिंगला, मेल्टिंगवाले मालाला, आणि सगळे मिळून लॅडल धरणाऱ्या पोराला. तू त्यावेळी सीनियर इंजिनिअरसुद्धा नव्हतास. रात्रपाळीला हातात घड्याळ घेऊन पोअरिंग लाइनच्या कडेला उभा राहिलास. मॅग्नेशियमची ट्रीटमेंट झाल्यापासून कुठला बॉक्स किती मिनिटांनी भरला, हे खडूनं बॉक्सवरच लिहीत गेलास. पहाटे चारला नमुने घेऊन माझ्याकडं आलास. डोळे लाल, शर्टावर स्लॅगच्या ठिणग्यांची भोकं. एकेक नमुना पॉलिश करून बघत गेलो आणि तुझ्या खडूच्या आकड्यांशी लावत गेलो. मिनिटं वाढतील तसे गोळे बिघडत होते. रसात मॅग्नेशियम टिकत नाही, हे आपण दोघंही डिप्लोमात शिकलो होतो. पण एवढ्या मोठ्या लॅडलमधला शेवटचा रस किती वेळ ताटकळतो, हे उभं राहून मोजलं ते तू एकट्यानं.

मग लॅडल लहान केलं, ट्रीटमेंट दोन वेळात विभागली आणि विषय मिटला. ते सगळं तू केलंस, पण मला आठवतं ते त्यापुढचं. मीटिंगमध्ये शाबासकी मिळाली तेव्हा तू लॅडलवाल्या पोराला आत बोलावलंस आणि सांगितलंस, "शेवटचा रस जड ओततोय, हे मला पहिल्यांदा ह्यानं सांगितलं." आठवडाभर शिव्या खाल्लेलं पोरगं ते. त्याचा त्यावेळचा चेहरा मी अजून विसरलेलो नाही. आज गर्दीत तुला उचलून धरायला सगळ्यात पुढं तोच होता, बघितलंस का?

आणि 2019 चा ऑगस्ट. पंचगंगा धोक्याची 43 फुटांची खूण ओलांडून कितीतरी वर चढली, शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला आणि आपण अलीकडं पलीकडं अडकलो. मी घरात नुसता फोन लावत बसलो होतो. तू मात्र वहीत यादी करत होतास : चिखलीचे कोण, आंबेवाडीचे कोण, कुणाची जनावरं, कुणाची म्हातारी माणसं. पाणी ओसरल्यावर त्या पोरांच्या गैरहजेरीचा पगार कापायचं चाललं होतं. ती यादी घेऊन तू थेट वर गेलास. आवाज चढवला नाहीस, प्रत्येकाच्या घरी किती पाणी होतं तेवढं वाचून दाखवलंस. पगार कापला गेला नाही. ही गोष्ट तू स्वतः कुणाला सांगितल्याचं मी आजवर ऐकलेलं नाही. मलासुद्धा फेटलिंगच्या मामांकडून कळली.

मॅनेजर कसा असावा म्हटलं की माझ्या डोळ्यापुढं तू खूप आधीपासून आहेस. कंपनीनं आज कागदावर आणलं, एवढंच.

अण्णांना सांगितलंस का? काय म्हणाले? उद्यमनगरात त्यांनी जन्मभर हातानं वाळू ठोकून मोल्ड केले. सुट्टीत आपल्याला घेऊन जायचे आणि मूठभर वाळू दाबून विचारायचे, "सांगा, पाणी बरोबर आहे का?" मूठ उघडल्यावर बोटांचे ठसे स्वच्छ उठले आणि गोळा मोडताना कड तुटली नाही, तर बरोबर. आज आपल्याकडं वाळू तपासायला मशीन आहे, तरी तू येताजाता मूठ दाबून बघतोसच. त्या हाताला ही खुर्ची मिळाली, ह्याचा आनंद त्यांच्याइतका कुणाला होणार? उद्या संध्याकाळी मी पेढे घेऊन त्यांच्या पाया पडायला येतोय. वहिनींना म्हणावं, चहा नको, काकूंच्या हातचे पोहे हवेत. वहिनींचंही अभिनंदन करायचं आहे. रात्री अपरात्री भट्टीवरून फोन आला की तू उठून निघायचास आणि मागं घर त्या सांभाळायच्या. ह्या बढतीत त्यांचा वाटा मोठा आहे.

आता कामाचं. सोमवारपासून माझा रिजेक्शनचा रिपोर्ट तुझ्या टेबलावर येणार. मित्र आहे म्हणून एकही आकडा मी इकडचा तिकडं करणार नाही, आणि तुलाही ते चालणार नाही हे मला माहीत आहे. खरं सांगू, ह्याचंच मला सगळ्यात जास्त समाधान आहे. खराब आकडा घेऊन ज्याच्याकडं जाताना पोटात गोळा येत नाही, असा माणूस त्या खुर्चीत बसलाय. रात्री कुठली हीट अडली, कुठला नमुना तातडीनं बघायचा असला, तर फोन कर. चार वाजले असले तरी कर. त्या पहाटेसारखाच येईन.

आणि रविवारी संध्याकाळ मोकळी ठेव. 2012 ला ट्रेनी असताना पहिला पगार झाला त्या दिवशी आपण शिरोलीहून एका गाडीवर, तावडे हॉटेलवरून आत शिरून, गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर गेलो होतो. म्हशीचं धारोष्ण दूध, वर आलेला फेस, आणि तू एका दमात दोन ग्लास रिचवले होतेस. परवा पुन्हा तिथंच जायचं. तिथून आमच्या घरी जेवायला. आईनं आत्ताच फर्मान काढलंय, तांबडा-पांढरा ती स्वतः करणार आहे आणि तुला पोटभर वाढल्याशिवाय सोडणार नाही. पोरांना, वहिनींना, काकूंना, अण्णांना, सगळ्यांना घेऊन ये.

दुधाचे पैसे मी देणार. तू खिशात हात घालायचा नाहीस.

तुझा,
प्रवीण