जॉबवर्क चलन क्रमांक 0312 : स्टॉक नोंदीसाठी काढलेला उतारा

प्रति : लेखा विभाग, मकरपुरा कारखाना, बडोदे
प्रेषक : स्टोअर विभाग
दिनांक : 25 नोव्हेंबर 2025

पोर येथील जॉबवर्करकडून दिनांक 24 नोव्हेंबर 2025 रोजी चलन क्रमांक 0312 सोबत आलेल्या मालाची मोजणी व वजन पूर्ण झाले असून, त्या चलनातील नोंदी स्टॉकच्या खात्यात घेण्यासाठी हा उतारा पाठवीत आहे. चलनावर जे लिहिले आहे ते जसेच्या तसे दिले आहे. आपल्या काट्यावर जे भरले किंवा हिशोबाने जे निघाले, ते त्या त्या ठिकाणी तसे सांगून वेगळे ठेवले आहे. या दोन्हींची सरमिसळ झाली, तर पुढे फरक निघाल्यावर तो चलनातला की आपल्या खतावणीतला, हे शोधणे अवघड होते.

हा माल आपण दिनांक 6 नोव्हेंबर 2025 रोजी जेडब्ल्यू/25-26/0147 या डिलिव्हरी चलनाने पाठवला होता. त्या चलनानुसार 25 मिमी व्यासाचे, प्रत्येकी 3 मीटर लांबीचे, एचएसएन 7407 खालील पितळी रॉड 40 नग, वजन 499.200 किलो, दर किलोला 560 रुपये, एकूण मूल्य 2,79,552 रुपये अशी नोंद आहे. काम टर्निंग करून आटे पाडण्याचे असून त्यातून ट्रान्सफॉर्मरला लागणारे 60 मिमी लांबीचे स्टड तयार व्हायचे आहेत. एका रॉडमधून 45 स्टड निघतात आणि शेवटी चकमध्ये धरलेला 75 मिमीचा तुकडा उरतो, असे वर्क ऑर्डरमध्ये धरले आहे.

परत आलेल्या चलनावर मूळ चलनाचा क्रमांक नुसता 147 असा लिहिला आहे. नोंद करताना तो पुढच्या शून्यासह पूर्ण लिहावा, कारण पाठवलेला व परत आलेला माल एकमेकांसमोर लावण्याचा दुवा तेवढाच आहे आणि वर्षाचा भाग गाळल्यास मागील वर्षाच्या 147 शी तो जुळण्याची शक्यता राहते. त्याच चलनावर 28 रॉडचे काम झाले असून 12 रॉड शिल्लक असल्याचे लिहिले आहे. तयार स्टड 1260 नग, वेस्टेज 122.304 किलो आणि मजुरी नगामागे 11 रुपयांप्रमाणे 13,860 रुपये, असे तीन आकडे छापील रकान्यांत आहेत. तळाशी हाताने, गुजरातीत, 12 नग रिजेक्ट 2.184 किलो, रॉडचे तुकडे 28 नग 8.736 किलो आणि कीस 4 पोती 112.300 किलो असा तपशील आहे.

वेस्टेजच्या रकान्यातील आकडा मात्र तसाच नोंदवता येणार नाही. 28 रॉडचे वजन 349.440 किलो होते आणि त्यातून 1248 चांगल्या स्टडचे 227.136 किलो वजा केले की बरोबर 122.304 किलो उरतात. म्हणजे जॉबवर्करने वजन न करता नुसती वजाबाकी लिहिलेली आहे. तळाच्या तपशिलाची बेरीज 123.220 किलो होते, ती रकान्यापेक्षा 0.916 किलोने जास्त आहे. फरकाचे कारण आपल्या काट्यावर उघड झाले. किसाचे 112.300 किलो हे वजन पोत्यांसकट होते. पोती रिकामी करून वेगळी तोलली असता प्रत्येकी 0.600 किलो भरली, म्हणून 2.400 किलो वजा जाता किसाचे निव्वळ वजन 109.900 किलो धरले आहे. 

अशा प्रकारे रिजेक्ट नग, तुकडे आणि कीस मिळून 120.820 किलो पितळ प्रत्यक्ष आपल्या आवारात परत आले आहे व ते आपल्याच मालकीचे आहे. परत न आलेले पितळ फक्त 1.484 किलो, म्हणजे काम झालेल्या वजनाच्या 0.42 टक्के आहे. वर्क ऑर्डरमध्ये अर्धा टक्का, म्हणजे या लॉटपुरती 1.747 किलो, घट मान्य असल्याने त्यावर वसुली करू नये. 122.304 किलो हा आकडा सरळ वेस्टेज म्हणून खर्ची टाकला, तर जवळपास सव्वाशे किलो पितळी भंगार खात्यातून नाहीसे होऊन गोदामात मात्र पडलेले दिसेल.

स्टॉकच्या खात्यात टाकायच्या ओळी पुढीलप्रमाणे आहेत. पहिली ओळ आधीच नोंदलेली असून ती केवळ ताळ्यासाठी दिली आहे.

```
type,challan_no,item,nos,qty_kg
OUT,JW/25-26/0147,BR-ROD-25,40,499.200
IN,0312,STUD-60,1248,227.136
REJ,0312,STUD-60-R,12,2.184
ENDBIT,0312,BR-END,28,8.736
TURN,0312,BR-TURN,,109.900
LOSS,0312,BR-LOSS,,1.484
BAL,JW/25-26/0147,BR-ROD-25,12,149.760
```

पहिली ओळ सोडून बाकीच्या वजनांची बेरीज 499.200 किलो येते, म्हणून उतारा जुळलेला आहे. कीस व घट यांच्या नगांचा रकाना मुद्दाम कोरा ठेवला आहे. तेथे शून्य भरू नये, कारण शून्य नग म्हणजे माल आलाच नाही, असा अर्थ अहवालात निघतो. 12 रॉडचे 149.760 किलो आपल्या स्टॉकमध्येच, पण जॉबवर्करकडील माल या ठिकाणाखाली दाखवावेत.

मजुरीबाबत, रिजेक्ट झालेल्या 12 नगांचे आटे पाडतानाच बिघडलेले आहेत आणि अशा नगांची मजुरी देय नाही, असे वर्क ऑर्डरमध्ये आहे. त्यामुळे चलनावरील 13,860 रुपये हा आकडा मूळ नोंद म्हणून ठेवून मान्य मजुरी 1248 नगांची 13,728 रुपये धरावी. चलन हे करबीजक नसल्याने ही रक्कम जॉबवर्करचे बिल येईपर्यंत तात्पुरती राहील. स्टडच्या किमतीत मजुरी कराशिवाय मिळवावी, कारण बिलावरील जीएसटीचे क्रेडिट आपल्याला मिळणार आहे.

शिल्लक 12 रॉड जीएसटी कायद्याच्या कलम 143 प्रमाणे पाठवल्यापासून एक वर्षाच्या आत परत यावयास हवेत, अन्यथा ते 6 नोव्हेंबर 2025 रोजीच जॉबवर्करला पुरवले असे धरून कर लागेल. आपली उलाढाल 5 कोटी रुपयांच्या वर असल्याने ऑक्टोबर ते मार्च या सहामाहीचे आयटीसी-04 दिनांक 25 एप्रिल 2026 पर्यंत भरायचे आहे. त्यातील घटीच्या रकान्यासाठी 1.484 किलो हाच आकडा घ्यावा.

चलनाची मूळ प्रत, वजनकाट्याच्या पावत्या आणि रिकाम्या पोत्यांच्या वजनाची चिठ्ठी सोबत जोडली आहे. जॉबवर्करला 1248 नगांचेच बिल पाठवण्यास आणि पुढील चलनावर किसाचे निव्वळ वजन व मूळ चलनाचा पूर्ण क्रमांक लिहिण्यास आज फोनवर सांगितले आहे. त्यांचे बिल 13,728 रुपयांचे नसल्यास ते रोखून या विभागाकडे परत पाठवावे.

स्टोअर प्रमुख