तुर्भ्याचं कोल्ड स्टोरेज लाइव्ह झालं, कोणी काय केलं ते लिहितोय

मंडळी, ३१ मार्चच्या रात्री जुनी सिस्टीम बंद केली आणि १ एप्रिलला सकाळी पहिली गाडी नवीन सिस्टीमवर लोड होऊन गेटबाहेर पडली, क्लायंटचा मेल पण आलाय. नुसतं "वेल डन टीम" टाकून मोकळं होणं मला जमत नाही कारण त्यात कोणी काय केलं ते कळतच नाही, त्यामुळे थोडं लांबेल, चहा घेऊन वाचा.

स्नेहलपासून सुरू करतो. जुन्या सिस्टीममधून आलेल्या एक्सेलमध्ये एक्सपायरीच्या कॉलममध्ये काही तारखा डावीकडे चिकटलेल्या आणि काही उजवीकडे, एवढंच तिला दिसलं. आपण बाकीच्यांनी ती फाईल कितीदा तरी उघडली असेल, कोणाला काही वाटलं नाही. तिने खोदलं तर निघालं की एक्सेल महिना आधी धरतंय, म्हणून ज्यात दिवस १२ च्या वर आहे ती तारीख टेक्स्ट म्हणून डावीकडे पडलेली आणि बाकीच्यांमध्ये दिवस-महिन्याची गुपचूप अदलाबदल, म्हणजे ५ एप्रिलचं ४ मे. आणि हे कुठल्याही एररमध्ये आलं नसतं कारण ४ मे पण व्यवस्थित तारीखच आहे ना. आपला सगळा डिस्पॅच आधी एक्सपायर होणारा माल आधी बाहेर या हिशोबावर चालतो, तर फ्रोझन मटारचे चुकीचे लॉट बाहेर गेले असते आणि खरे आतच पडून राहिले असते. तिने कच्चा डेटा परत काढून घेतला, सगळं मायग्रेशन पुन्हा चालवलं, वर चेंबरमध्ये जाऊन खोक्यांवरच्या छापील तारखांशी ताडून पण पाहिलं. आणि मुख्य म्हणजे सापडल्या सापडल्या त्याच संध्याकाळी सांगितलं, "आधी कन्फर्म करते मग सांगते" करत बसली नाही. एक दिवस जरी उशिरा कळलं असतं तरी ३१ तारीख विसरा.

इरफान. चेंबरच्या पफ पॅनलला दोन्ही बाजूंनी पत्रा, आत वायफाय येतं-जातं. त्याने हँडहेल्डचं अ‍ॅप नेटवर्क नसताना पण चालेल असं केलंच, पण खरी डोकेदुखी पुढे होती, रेंज आली की तेच स्कॅन दोनदा जायचं आणि एकच पॅलेट दोनदा आउटवर्ड दिसायचं. त्याने प्रत्येक स्कॅनला हँडहेल्डवरच स्वतःचा आयडी दिला, सर्व्हरने तो आयडी आधी पाहिला असेल तर सोडून द्यायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण रोजे चालू असताना हा माणूस इफ्तार उरकून ऐरोलीच्या ऑफिसात परत येऊन बसायचा, आम्ही नको म्हटलं तरी.

रुतुजाने टेस्टिंग एसीत बसून केलं नाही. जाड जॅकेट घालून उणे १८ मध्ये गेली, ग्लोव्हज घालून टच चालत नाही हे तिथेच कळलं म्हणून सगळं ट्रिगरच्या बटणावर आणलं. बाहेर आपल्या दमट हवेत आलं की स्कॅनरच्या काचेवर वाफ धरते, मग काच पुसत बसा, म्हणून स्कॅन दारात न करता आत रॅकपाशीच करायचा हा बदल पण तिचाच. बॅटऱ्या थंडीत लवकर उतरतात म्हणून शिफ्टमध्ये मध्येच बदलायच्या, तो चार्ट तिने भिंतीवर चिकटवलाय. (बर्फ धरलेल्या खोक्यावर साधं लेबल टिकत नाही, ते मात्र तिथल्या लोडर दादांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, क्रेडिट त्यांचं.)

प्राजक्ताने ट्रेनिंग नाइट शिफ्टलाच जाऊन दिलं, मराठी-हिंदीत, पीपीटी बाजूला ठेवून. तिथले जुने सुपरवायझर काका "आमचं रजिस्टर बरं होतं" म्हणत फिरायचे, आता तेच बाकीच्यांना शिकवतायत. हे तिने कसं केलं मला अजून कळलेलं नाही, तीच सांगेल.

गणेशने अ‍ॅक्सेस पॉइंट हलवून हलवून आतला सिग्नल जेवढा सुधारेल तेवढा सुधारला, आणि कटओव्हरच्या रात्री प्रिंटर बसला तर याच्या गाडीत स्पेअर तयार. अथर्वची पहिलीच नोकरी, पण स्टॉक मोजणीतले फरक त्याने एकेक करून मिटवले आणि जिथे मिटत नव्हते तिथे आकडे जुळवून न टाकता "मिटत नाहीये" असं स्पष्ट लिहिलं. पहिल्या वर्षी मला हे लिहायचं धाडस झालं नसतं.

आता कामाचं. शनिवार-रविवार ज्यांनी केले त्यांचे कॉम्प ऑफ मी सिस्टीममध्ये टाकलेत, याच महिन्यात घ्या, नंतर लॅप्स होतात. सपोर्टचा फोन या आठवड्यात माझ्याकडे, स्नेहल आणि इरफानला कोणी डायरेक्ट फोन लावायचा नाही. शुक्रवारी दुपारी ठाण्यात मामलेदार मिसळ, वाशी-नेरुळवाल्यांनी ट्रान्स हार्बरने या, पार्किंग मिळणार नाही. तिखट कमी लागणाऱ्यांनी आधी सांगा, नंतर रडायचं नाही.