विषय : नौपाड्यातील गाळा क्र. ४ च्या कराराचे नूतनीकरण

ठाणे (प.)
दि. ३० जून २०२६

आदरणीय दामले काका,
सा. न. वि. वि.

आपल्या गाळ्याचा लिव्ह अँड लायसन्स करार येत्या ३० सप्टेंबरला संपतो आहे. तो १ ऑक्टोबरपासून आणखी ३६ महिन्यांसाठी, शक्यतो आहे त्याच अटींवर, नव्याने करावा अशी विनंती आहे. फोनवर बोलता आलं असतं, पण पैशाचा व्यवहार कागदावर असावा हे पहिल्या कराराच्या वेळी तुम्हीच सांगितलं होतंत.

भाडं सध्या महिना ३०,८७० रुपये आहे. दरवर्षी पाच टक्के वाढ ठरलेली आहे, त्या हिशेबाने पहिल्या वर्षी ३२,४०० रुपये धरावेत आणि पुढेही तीच वाढ राहावी. दीड लाख डिपॉझिट तुमच्याकडे आहे तसंच राहू द्यावं. लाइट बिल आम्ही भरायचं, मेंटेनन्स आणि मालमत्ता कर तुमच्याकडे, आणि स्टँप ड्युटी व नोंदणीचा खर्च मागच्यासारखा निम्मा निम्मा.

इतक्या आधी विचारतेय ते दिवाळीमुळे. यंदा दिवाळी नोव्हेंबरमध्ये आहे, आणि परदेशी पाठवायच्या फराळाची बुकिंगं सप्टेंबरातच सुरू होतात. चकल्या, कडबोळी करून देणाऱ्या बायकांना ऑगस्टमध्ये उचल द्यावी लागते. गाळा राहणार की नाही हे माहीत नसताना त्यांना शब्द कसा देऊ? वर्षाची निम्मी कमाई त्या दोन महिन्यांतली असते.

एक अट मात्र नव्याने घालावी असं वाटतं. आपल्या गल्लीतल्या दोन इमारती पुनर्विकासाला गेल्या. आपल्या इमारतीचं तसं काही ठरलं, तर गाळा रिकामा करण्याआधी मला निदान सहा महिन्यांची लेखी नोटीस मिळावी. सध्याच्या करारात एकच महिना आहे. तेवढ्यात भाजणी-मेतकुटाचं दुकान दुसरीकडे मांडणं जमणार नाही.

शटरची उजवीकडची पट्टी खालून गंजली होती, ती मे महिन्यात पावसाआधी बदलून घेतली. त्याचे पैसे मागत नाही; तुम्ही पुण्याला असता, म्हणून कळवलं इतकंच. टाळेबंदीत तुम्ही तीन महिन्यांचं भाडं थांबवलं होतंत, म्हणून हे दुकान आज उभं आहे. ते मी विसरलेले नाही.

३१ जुलैपर्यंत होकार कळवलात तर मसुदा करून पाठवते. नोंदणी ऑनलाइन होते. आधार आणि अंगठ्यासाठी माणूस तुमच्या पुण्याच्या घरी येईल अशी सोय करते, तुम्हाला जिने चढ-उतर करायला नको. भाड्याच्या आकड्याबद्दल तुमच्या मनात वेगळं काही असेल तर मोकळेपणाने सांगावं, मी एखाद्या रविवारी पुण्याला येऊन जाईन.

काकूंना नमस्कार. त्यांच्यासाठी उपासाची भाजणी वेगळी काढून ठेवली आहे.

आपली नम्र,
सुनीता पाटील