ती नोटीस डिलीट करा, 10 ऑगस्टला वार्षिक सभा नाहीये

नमस्कार मंडळी,

काल शनिवारी रात्री पावणेदहाच्या सुमारास आपल्या मेन ग्रुपवर माझ्याकडून वार्षिक सर्वसाधारण सभेची एक नोटीस गेली. ती चुकीची आहे. वर 10 ऑगस्ट तारीख आणि सकाळी साडेदहाची वेळ असलेली, गंगापूर रोडवरच्या हॉलचा पत्ता असलेली ती पीडीएफ कृपया सगळ्यांनी डिलीट करा आणि 10 ऑगस्ट ही तारीख डोक्यातून काढून टाका. त्या दिवशी सभा नाही, त्या हॉलमध्ये नाही, दुसरीकडेही कुठे नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे या वर्षीच्या सभेची तारीख अजून ठरलेलीच नाहीये. त्यामुळे आज कोणीही कुठलीही तारीख सांगितली तरी ती धरू नका, अगदी कमिटीतल्या कोणी सांगितली तरी.

झालं कसं ते सांगते, कारण सकाळपासून पस्तीसेक फोन आलेत आणि प्रत्येकाला ते विचारायचंय. ती नोटीस गेल्या वर्षीची आहे. 2024 ची सभा 10 ऑगस्टला शनिवारी झाली होती, तिची फाइल AGM_Notice_Final.pdf या नावाने माझ्या फोनमध्ये होती, आणि या वर्षीचा कच्चा मसुदा मी तिच्यावरूनच तयार करत होते. अध्यक्षांना तपासायला म्हणून मसुदा पाठवायला गेले तर जुनी फाइल सिलेक्ट झाली आणि तीही अध्यक्षांना न जाता सरळ ग्रुपवर गेली. पाठवल्यावर मी फोन बाजूला ठेवून जेवायला बसले, सकाळी साडेसहाला उघडला तोवर ती किती ठिकाणी पोचली होती काय सांगू. चूक पूर्णपणे माझी आहे, अध्यक्षांचा किंवा खजिनदारांचा यात काही संबंध नाही, त्यांना कृपया बोलू नका. ज्यांची धावपळ झाली त्या सगळ्यांची मी मनापासून माफी मागते.

नोटिशीत साल बारीक अक्षरात खाली जावक क्रमांकापाशी आहे आणि वर नुसतं "शनिवार दि. 10 ऑगस्ट" एवढंच, त्यामुळे कोणाच्या लक्षात येणं अवघडच होतं. या वर्षी 10 ऑगस्ट रविवारी येतोय. म्हणून अर्ध्या लोकांनी तारीख बरोबर धरली, अर्ध्यांनी वार बरोबर धरला. एक ताई शनिवारी सभा समजून मनमाडला भावाकडे राखीला जायचं रद्द करत होत्या (शनिवारी 9 तारखेला राखीपौर्णिमा आहे), आपले एक जुने काका पुण्याहून रविवारी पहाटेच्या बसचं तिकीट काढून मोकळे झाले. ताई, तुम्ही नक्की जा मनमाडला. काका, तिकीट कॅन्सल करताना जे पैसे कापले जातील ते मी देणार आहे, तुम्ही नको म्हणालात तरी.

आता 10 तारखेला खरंच काय आहे ते ऐका, कारण या गोंधळात ते मागे पडायला नको. रविवारी 10 ला आपली रामशेजची साफसफाई मोहीम आहे आणि ती ठरल्याप्रमाणे होणारच आहे. सकाळी साडेसहाला पेठ नाक्यावर जमायचं, तिथून गाड्यांनी आशेवाडी. पोती, हातमोजे क्लबकडून, पाणी आणि डबा ज्याचा त्याचा. सभा आहे म्हणून ज्या नऊ जणांनी मोहिमेतून नाव काढलं त्यांनी परत टाका हो, गडावरच्या टाक्यांजवळचा प्लास्टिक कचरा काढायला माणसं कमी पडली तर काम अर्धं राहील, आणि पावसात ते परत परत जमत नाही. त्याच रात्री तिसऱ्या श्रावण सोमवारची ब्रह्मगिरीची फेरी सुरू होते, आपल्यातले बरेच जण दरवर्षी जातात, त्र्यंबक रोडला संध्याकाळपासून किती गर्दी असते ते नाशिककरांना वेगळं सांगायला नको. म्हणजे तसा विचार केला तरी 10 ऑगस्टला आपण सभा ठेवलीच नसती.

शिवाय आपल्या घटनेत वार्षिक सभेची नोटीस पूर्ण 14 दिवस आधी द्यायची असं लिहिलंय. 2 तारखेला रात्री नोटीस आणि 10 ला सभा हे बसतच नाही. समजा आपण "आता गेलीच आहे नोटीस तर घेऊन टाकू" म्हणून सभा घेतली (दोघातिघांनी मला तसं सुचवलं, चांगल्या हेतूनेच) तर त्यातल्या ठरावांवर उद्या कोणीही हरकत घेऊ शकतं, हिशेबाच्या मंजुरीवर पण. नोंदणीकृत संस्था आहे आपली, धर्मादाय आयुक्त कार्यालयात कागद जातात, तिथे नोटीस, हजेरी, इतिवृत्त सगळं एकमेकांशी जुळायला लागतं. म्हणून ते करायचं नाही.

त्या नोटिशीतल्या आणखी दोन गोष्टींमुळे तारखेपेक्षा जास्त गडबड झालीय, त्या स्पष्ट करते.

एक म्हणजे विषयपत्रिकेतला विषय क्रमांक 5, "नवीन कार्यकारिणीची निवड". मंडळी, निवडणूक गेल्या वर्षीच झाली, कार्यकारिणीची मुदत तीन वर्षांची आहे, या वर्षी निवडणूक नाही. कोणी राजीनामा दिलेला नाही, कोणाला काढलेलं नाही, आत काही चाललेलं नाही. आज दुपारी सिडकोच्या आणि नाशिकरोडच्या सबग्रुपवर यावरून जी चर्चा झाली ती वाचून मला खरंच वाईट वाटलं, कारण ज्यांची नावं त्यात आली त्यांनी वर्षभर सुट्ट्या टाकून क्लबचं काम केलंय. चर्चेचं मूळ माझी चुकीची फाइल आहे, म्हणून ती आता थांबवा अशी हात जोडून विनंती.

दुसरं पैशाचं. नोटिशीच्या खाली वर्गणी 800 रुपये लिहिलंय आणि एक क्यूआर कोड आहे. तो कोड आधीच्या खजिनदारांच्या वेळचा आहे, त्यावर पैसे पाठवू नका. वर्गणी गेल्या सभेत 1000 रुपये ठरलीय आणि ती क्लबच्या खात्यावरच घ्यायची असंही ठरलंय, त्या खात्याचा तपशील नवीन नोटिशीत येईल, तोपर्यंत कोणालाच काही पाठवायची घाई नाही. दोघांनी आज सकाळी 800 पाठवले होते, त्यांच्याशी माझं बोलणं झालंय, आधीच्या खजिनदारांनी लगेच परत केलेत. अजून कोणी पाठवले असतील तर लाजू नका, मला फोन करा, आजच्या आज मार्गी लावू.

आता डिलीट कसं करायचं. मेन ग्रुपवरचा मेसेज मी सकाळीच सगळ्यांसाठी डिलीट केलाय, तिथे "This message was deleted" एवढंच दिसेल. पण त्याने काम संपत नाही. ज्यांनी पुढे पाठवली त्या ग्रुपवर ती तशीच आहे, माझ्याकडून ती निघत नाही, ज्याने पाठवली त्यालाच किंवा त्या ग्रुपच्या अ‍ॅडमिनलाच काढता येते. आणि फार उशीर केला तर "सगळ्यांसाठी डिलीट" हा पर्याय येतच नाही, मग नुसती आपल्या फोनमधून जाते आणि बाकीच्यांकडे राहते. म्हणून ज्यांनी ज्यांनी फॉरवर्ड केली त्यांनी हा मेसेज वाचला की लगेच तिथे जा, नोटिशीवर बोट दाबून धरा, वरती कचऱ्याच्या डब्याचं चिन्ह येईल ते दाबा, मग Delete for everyone. सोसायटीच्या ग्रुपवर, भजनी मंडळात, ऑफिसच्या ट्रेकवाल्यांना, जिथे कुठे टाकली असेल तिथे.

बाकीच्यांनी, म्हणजे ज्यांनी नुसती उघडून वाचली त्यांनीसुद्धा फोनमधली फाइल काढायची आहे. फोनच्या फाइल्समध्ये जाऊन वर AGM_Notice_Final.pdf हे नाव शोधलं की सापडेल, तिथून डिलीट करा. काहींनी स्क्रीनशॉट काढलाय तो गॅलरीत असेल, तो पण. मी एवढा आग्रह का करतेय तर नवीन नोटीस आली की एकाच्या फोनमध्ये दोन नोटिशी राहतील आणि महिन्याभराने कोण कुठली उघडेल सांगता येत नाही, माझ्या हातून नेमकं तेच झालंय. नवीन फाइलच्या नावात साल आणि तारीख दोन्ही असेल, आणि जुन्या वर्षांच्या फाइल्स मी आज फोनमधून काढून पेनड्राइव्हवर टाकल्यात.

आपल्याकडे अकरा ज्येष्ठ सभासद व्हॉट्सअ‍ॅपवर नाहीत. त्यातल्या चौघांना कोणीतरी प्रेमाने प्रिंट काढून घरी नेऊन दिली असं कळलं. पंचवटीतल्या दोघांकडे मी आज संध्याकाळी जाऊन आले, कागद परत घेतला आणि चहा पण घेतला. इंदिरानगरच्या आणि देवळालीच्या काकांकडे उद्या जाते, पण ज्यांनी तिथे प्रिंट दिली त्यांनी आज रात्रीच एक फोन करून ठेवला तर बरं, दोघंही तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवणारी माणसं आहेत. अशोक स्तंभाजवळच्या दुकानात आपल्या बोर्डवर लागलेली प्रत काढलीय. नाश्त्याची जबाबदारी घेणाऱ्या दादांनी उत्साहाने 90 जणांची मिसळ पण सांगून टाकली होती, ती रद्द झालीय, केटररने काही पैसे कापले नाहीत, त्याचे आभार.

पुढचं असं की मंगळवारी 5 तारखेला संध्याकाळी सात वाजता कार्यकारिणीची बैठक आहे, त्यात सभेची तारीख आणि जागा ठरेल. 27 ला गणपती बसतायत, लेखापरीक्षकांकडून मार्चअखेरचा ताळेबंद या आठवड्यात येतोय, तो बघूनच गणपतीच्या आधी की विसर्जनानंतर ते ठरवू. नोटीस बुधवारपर्यंत येईल. खरी नोटीस ओळखायची खूण म्हणजे खाली अध्यक्ष आणि सचिव दोघांच्या सह्या आणि क्लबचा शिक्का असेल, वर पूर्ण तारीख सालासकट असेल, आणि ती फक्त मेन ग्रुपवर येईल, तिथे पिन करून ठेवू. यापुढे कुठलीही नोटीस माझ्या एकटीच्या फोनवरून जाणार नाही, आधी अध्यक्ष किंवा सहसचिव उघडून वाचतील, हो म्हणतील, मगच टाकायची असं आज ठरवलंय.

हा मेसेज मात्र फॉरवर्ड करा, जिथे जिथे ती नोटीस गेली तिथे तिथे. आणि डिलीट केली की मला इथेच नुसतं "केली" एवढं लिहा, मी यादी घेऊन बसलेय, 142 पैकी ज्यांचं उत्तर येणार नाही त्यांना उद्या सकाळी दहानंतर फोन करणार आहे.

सचिव
रविवार, 3 ऑगस्ट 2025, रात्री 8.15