वर्णनात्मक मुख्य परीक्षेसाठी मोफत डेमो लेक्चर | रविवार, 14 जून, पुणे

‘सर, वाचलेलं सगळं आठवतं, पण लिहायला बसलं की पेन हलत नाही.’

राज्यसेवा मुख्य वर्णनात्मक झाल्यापासून हे वाक्य आम्ही रोज ऐकतोय. चार पर्यायांतून उत्तर ओळखायची सवय लागलेल्या हाताला कोरा कागद जड जातो. त्यात हुशारीचा प्रश्न नाही, सरावाचा आहे.

म्हणून हा डेमो ऐकायचा नाही, लिहायचा आहे. ✍️

एकच प्रश्न घेऊ: ‘1972 च्या दुष्काळाचा रोजगार हमी योजनेच्या जडणघडणीतील वाटा स्पष्ट करा.’ 10 गुण, 150 शब्द, घड्याळ लावून 7 मिनिटं. वि. स. पागे यांचं नाव आणि 1977 चा कायदा बहुतेकांना पाठ असतो. पण हाताला काम देणं ही सरकारची जबाबदारी आहे, हे दुष्काळामुळे कसं मान्य झालं, ते कागदावर येत नाही. गुण तिथेच जातात. ‘स्पष्ट करा’, ‘चर्चा करा’ आणि ‘चिकित्सक परीक्षण करा’ या तिन्हींना एकाच साच्यातलं उत्तर देणारेही खूप आहेत, त्यावरही बोलू.

लिहून झाल्यावर प्रत्येकाचं उत्तर तिथेच तपासून लाल शेऱ्यांसह हातात मिळेल. मग तेच उत्तर पुन्हा लिहायचं. दुसऱ्यांदा लिहिताना काय बदलतं ते तुमचं तुम्हालाच दिसेल.

📅 रविवार, 14 जून 2026, सकाळी 10 ते 1
(पावणेदहापर्यंत जागेवर बसा, पेपर दहाच्या ठोक्याला सुरू होईल)
📍 आमचा नवी पेठेतला वर्ग, गांजवे चौकाजवळ, पुणे. नोंदणी केल्यावर नकाशा व्हॉट्सअ‍ॅपवर येईल.
💰 शुल्क नाही. त्या दिवशी प्रवेशाची पावतीही फाडणार नाही.

जागा फक्त 60. तपासणारे आम्ही चौघंच आहोत, त्याहून जास्त उत्तरं नीट वाचून होणार नाहीत.

नोंदणी अशी करा: बायोमधल्या लिंकवरचा फॉर्म भरा. नाव, व्हॉट्सअ‍ॅप नंबर आणि वैकल्पिक विषय, एवढंच विचारलंय. विषय ठरला नसेल तर ‘ठरायचा आहे’ लिहा, त्याने काही अडत नाही. फॉर्म उघडत नसेल तर ‘डेमो’ असा मेसेज करा किंवा थेट वर्गावर येऊन नाव नोंदवा. मुदत शुक्रवार, 12 जून, सायंकाळी 6. जागा आधी भरल्या तर फॉर्म तेव्हाच बंद होईल.

येताना निळं किंवा काळं पेन, पाण्याची बाटली आणि ओळखपत्र आणा. उत्तराचे कागद आम्ही देऊ.

गावाकडून अभ्यास करताय? पुण्याचा खर्च करून येऊ नका. हाच डेमो बुधवार, 17 जूनला रात्री 8 वाजता झूमवर आहे. त्याच फॉर्ममध्ये ‘ऑनलाइन’ निवडा. उत्तर वहीत लिहून फोटो पाठवा, तपासून दोन दिवसांत परत मिळेल.

नोंदणी करून येणं जमलं नाही तर आदल्या दिवशी कळवा, प्रतीक्षा यादीतल्या कुणाला तरी जागा मिळेल. आणि अभ्यासिकेत शेजारी बसणाऱ्या मित्रमैत्रिणीला खाली टॅग करा.

#एमपीएससी #राज्यसेवामुख्य #उत्तरलेखन #मोफतडेमो #पुणे